डिपॉझिट ५० हजार, परत आले ९,२२०. बाकीचे नेमके कुणाकडे राहिले?

"सासूबाईंचं नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. कॅशलेस होतं तरी अ‍ॅडमिशनला ५०,००० डिपॉझिट घेतलं. ३०,००० मी माझ्या क्रेडिट कार्डवर भरले, २०,००० भाऊजींनी यूपीआयने. बिल झालं १,६४,८००, कंपनीने मंजूर केले १,२४,०२०. डिस्चार्जनंतर माझ्या कार्डवर फक्त ९,२२० आले. काउंटरवर विचारलं तर म्हणे बाकी सगळं इन्शुरन्सने कापलं. आता भाऊजी विचारतायत माझे २०,००० कुठे, आणि घरात उगाच माझ्याकडे बघतात सगळे. मिस्टर म्हणतात कंपनीने फसवलं, पुढच्या वर्षी पॉलिसीच बंद करू. काय करावं? सगळ्या कागदांचे फोटो सोबत पाठवतेय."
— एक वाचक, नाशिक

ताई, फोटो स्पष्ट आलेत ते फार बरं झालं, कारण ह्या प्रकरणात जे काही आहे ते त्या कागदांतच आहे. सगळे नीट वाचले आणि आधी हेच सांगते की तुमच्या कंपनीने पॉलिसीबाहेर जाऊन काही कापलेलं मला दिसत नाही. पण तुमचे पैसे मात्र जास्तीचे गेलेत, १९,६०० रुपये, आणि ते विमा कंपनीकडे नाहीयेत, हॉस्पिटलकडे आहेत. म्हणजे मिस्टरांचा राग खरा आहे पण चुकीच्या दारावर जातोय.

तुम्ही (आणि बहुतेक सगळेच) हिशोब असा करता की बिलातून मंजूर रक्कम वजा केली की उरलं ते आपल्या वाट्याचं. १,६४,८०० वजा १,२४,०२०, म्हणजे ४०,७८०, डिपॉझिट ५०,०००, म्हणून परत ९,२२०. गणित बरोबर आहे, हॉस्पिटलनेही तेच केलंय. पण बिल आणि मंजुरीमधला सगळा फरक पेशंटने भरायचा असतो हे कुणी सांगितलं? त्या फरकात वेगवेगळ्या कारणांनी कापलेल्या रकमा असतात, त्यातल्या काही पेशंटच्या असतात आणि काही अशा असतात की त्या कुणीच भरायच्या नसतात, हॉस्पिटलने सोडून द्यायच्या असतात. हे सगळं फायनल अप्रूव्हल लेटरमध्ये लिहिलेलं असतं, आणि ते लेटर आपण कधी वाचतच नाही, कारण तोपर्यंत संध्याकाळ झालेली असते, पेशंट व्हीलचेअरवर खाली आलेला असतो आणि ड्रायव्हर फोनवर फोन करत असतो.

तर तुमच्या लेटरचं दुसरं पान काढा. मंजूर रकमेच्या वर एक छोटा तक्ता आहे, त्यात चार ओळी आहेत. हॉस्पिटल डिस्काउंट ९,६००. ठरलेल्या टॅरिफपेक्षा जास्त लावलेली रक्कम १०,०००. नॉन-पेएबल ७,४००. को-पे १३,७८०. चारही मिळवा, बरोबर ४०,७८० येतात. आता एकेक ओळ बघू, कारण सगळा प्रश्न ह्या चार ओळींचाच आहे.

को-पेपासून सुरू करते, कारण ती तुमचीच आहे. को-पे म्हणजे क्लेममधला पेशंटने स्वतः भरायचा ठरलेला हिस्सा. सासूबाईंच्या पॉलिसीत १० टक्के को-पे लिहिलाय, ज्येष्ठांच्या बऱ्याच पॉलिसीत असतो, त्यामुळे प्रीमियम थोडा कमी बसतो. तो पूर्ण बिलावर नाही लागत, मान्य झालेल्या रकमेवर लागतो. १,६४,८०० मधून आधीच्या तीन ओळी काढल्या की १,३७,८०० राहतात, त्याचे १० टक्के १३,७८०. कंपनीने इथे चोख हिशोब केलाय. (काही कंपन्या वजाबाकी वेगळ्या क्रमाने करतात, म्हणून बाकीच्यांनी आपापल्या लेटरमधला क्रम बघूनच गणित करा.)

नॉन-पेएबल ७,४००. ह्यात ग्लोव्हज, मास्क, नेब्युलायझेशन किट, नातेवाईकांचं जेवण असं सगळं आहे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, अशा वस्तूंच्या याद्याच करून ठेवल्यात. पहिल्या यादीतल्या वस्तू पॉलिसीत वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर पेशंटने भरायच्या, त्यामुळे ह्यातलं बरंचसं तुमच्याच वाट्याचं. पण तुमच्या डिटेल बिलात दोन ओळींना मी गोल केलाय, फाईल चार्जेस ६०० आणि डिस्चार्ज प्रोसेस चार्जेस ८००. ह्या दोन गोष्टी दुसऱ्या यादीत येतात, ज्यांचा खर्च खोलीच्या भाड्यातच धरलेला असायला हवा. भाडं तर पूर्ण लावलंय, मग हे वेगळे कशाला? हे १,४०० विचारून बघा, मिळाले तर मिळाले, पण हे मुख्य मुद्द्यात मिसळू नका, नाहीतर बिलिंगवाले ह्या १,४०० वरच तासभर बोलत बसतील आणि मोठी रक्कम बाजूला पडेल.

आता डिस्काउंटची ओळ. हॉस्पिटल जेव्हा विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये येतं तेव्हा दोघांत करार होतो, सगळे त्याला एमओयू म्हणतात, आणि त्यात हॉस्पिटल कबूल करतं की तुमच्या पेशंटच्या बिलावर आम्ही इतके टक्के सूट देऊ. बहुतेक वेळा औषधांवर सूट नसते, बाकीच्या चार्जेसवर असते. बिल छापताना मात्र पूर्ण दरानेच छापतात, मग कंपनी मंजुरी देताना सूट वजा करते. म्हणजे हे ९,६०० कंपनीने नाकारलेले नाहीत. हॉस्पिटलने स्वतःहून सोडलेले आहेत. तेच परत तुमच्या डिपॉझिटमधून काढून घेतले तर सूट कुणाला मिळाली सांगा? कंपनीला मिळाली, हॉस्पिटलचं काहीच गेलं नाही, आणि भरले तुम्ही.

टॅरिफची ओळ पण त्याच जातीची. करारात प्रत्येक ऑपरेशनचा दर किंवा पॅकेज ठरलेलं असतं. तुमच्या बिलात ओटी चार्जेस आणि सर्जनची फी मिळून ठरलेल्या दरापेक्षा १०,००० जास्त लागलेत, म्हणून कंपनीने ते कापले. हे जास्तीचे पेशंटकडून घ्यायचे नाहीत अशी अट असते आणि ती कुठल्या गुप्त करारात नाहीये, तुमच्याकडच्या त्याच लेटरच्या शेवटच्या पानावर आहे, बारीक अक्षरात. ऑथोरायझेशन लेटरचा नमुना नियामकाने ठरवून दिलेला आहे, त्यात मागे ह्या अटी असतात: नेटवर्क हॉस्पिटलने ठरलेल्या पॅकेज दरापेक्षा जास्तीची रक्कम पेशंटकडून घ्यायची नाही, आणि डिपॉझिटमधून वसुली करायची ती फक्त मंजूर न होणाऱ्या खर्चापुरती. पुढे असंही आहे की हॉस्पिटलने अशी जास्तीची वसुली केली तर कंपनी किंवा टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था, ती रक्कम हॉस्पिटलकडून वसूल करू शकते. तुमच्या शेवटच्या फोटोत तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाला हेच आहे, झूम करून बघा. डिपॉझिट हा शब्दच तिथे आहे.

तर तुमचा खरा वाटा को-पे १३,७८० अधिक नॉन-पेएबल ७,४००, एकूण २१,१८०. ५०,००० मधून हे गेले की परत यायला हवे होते २८,८२०. आले ९,२२०. राहिले १९,६००, आणि हा आकडा म्हणजे तंतोतंत डिस्काउंट आणि टॅरिफ ह्या दोन ओळींची बेरीज आहे. म्हणूनच मला खात्री आहे की चूक इथेच झाली, दुसरीकडे कुठे नाही.

ही चूक प्रत्येक वेळी मुद्दाम केलेली असते असं मी म्हणणार नाही. मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम केलंय म्हणून सांगते, बऱ्याच ठिकाणच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रॉस बिल टाकायचं, मंजूर रक्कम टाकायची, की उरलेली रक्कम आपोआप पेशंट पेएबलमध्ये जाते. डिस्काउंट वेगळा टाकावा लागतो आणि तो टाकायचा अधिकार काउंटरवरच्या मुलाला नसतो, बिलिंग मॅनेजर किंवा अकाउंट्सचा माणूस लागतो. अप्रूव्हल संध्याकाळी सात-आठला आलं की ते लोक घरी गेलेले असतात आणि काउंटरवरचा मुलगा समोर दिसतो तो आकडा घेऊन पेशंट सोडतो. सकाळी कुणीतरी दुरुस्त करायला हवं, कुणी करत नाही, कारण कुणी विचारत नाही. ओळखायचं कसं तर फायनल बिलाच्या खालच्या भागात बघायचं, ग्रॉस अमाउंट, मग डिस्काउंट, मग नेट अमाउंट. तुमच्या बिलात डिस्काउंटसमोर ०.०० छापलंय, आणि अप्रूव्हल लेटरमध्ये त्याच बिलावर डिस्काउंट ९,६००. दोन कागद समोरासमोर ठेवा, कुणालाही समजेल.

आता हॉस्पिटल काय म्हणेल तेही सांगून ठेवते. ते अ‍ॅडमिशनच्या वेळचा फॉर्म काढतील, ज्यावर "विमा कंपनीने न दिलेली सर्व रक्कम मी भरेन" असं लिहिलेलं असतं आणि खाली मिस्टरांची नाहीतर तुमची सही असते. घाबरू नका. ते हमीपत्र मंजूर न झालेल्या खर्चासाठी असतं, त्यांनीच कबूल केलेली सूट त्यात बसत नाही. मात्र टॅरिफच्या १०,००० बाबतीत एक गोष्ट तुम्ही आधी तपासा, आणि प्रामाणिकपणे तपासा. तुम्ही पॉलिसीत बसते त्यापेक्षा वरची खोली घेतली होती का, किंवा पॅकेजमध्ये नसलेलं काही जास्तीचं, वेगळ्या दराचं मागून घेतलं होतं का, आणि तशी वेगळी सही केली होती का? तसं असेल तर तो फरक पेशंटकडून घ्यायची मुभा हॉस्पिटलला त्याच अटींमध्ये आहे. तुमच्या कागदांवरून खोली लिमिटमध्येच दिसतेय, दिवसाला ४,५०० भाडं आणि लिमिट ५,०००, आणि दुसरी कुठली संमती फोटोत नाहीये, म्हणून मी ते १०,००० तुमचे धरले. पण घरात एकदा विचारून घ्या, ऑपरेशनच्या आदल्या रात्री कुणी काय सही केली हे सगळ्यांना माहीत असतंच असं नाही.

खोलीवरून आठवलं, हे बाकीच्या वाचकांसाठी, कारण दुसऱ्या बऱ्याच घरांत डिपॉझिट खरोखरच संपतं आणि ते खोलीमुळे संपतं. लिमिट ५,००० असताना ८,००० ची खोली घेतली तर लोकांना वाटतं दिवसाचे ३,००० आपण भरू. तसं होत नाही. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल तर खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे बाकीचे चार्जेस, सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी वगैरे, तेही त्याच प्रमाणात कापले जातात. ५,००० भागिले ८,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के. हे चार्जेस ८०,००० असतील तर मान्य ५०,०००, आणि ३०,००० तुमचे, भाड्याचा फरक वेगळाच. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या ह्यांना ही कपात लावता येत नाही, आयसीयूच्या चार्जेसनाही नाही, आणि ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत तिथेही लावता येत नाही. तेव्हा कापलेच असतील तर कशावर कापलेत ते बघा. औषधांवर कापले असतील तर भांडण कंपनीशी आहे. पण बाकीचं योग्य असेल तर ते पैसे खरोखर तुमच्याच वाट्याचे, हॉस्पिटलकडे मागून उपयोग नाही.

आणि एक मर्यादा. मी वर जे डिस्काउंट-टॅरिफचं सांगितलं ते हॉस्पिटल त्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये असेल तेव्हाचं. नेटवर्कमध्ये नसलेल्या ठिकाणी आता कॅशलेस मिळू शकतं, पण तिथे दरांचा असा करार झालेला नसतो, त्यामुळे फरक तुमच्याकडून मागितला जाऊ शकतो, आणि तिथे आधीच एस्टिमेट लेखी घेणं एवढंच हातात राहतं. तुमचं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे, लेटरवर तसा उल्लेख आहे.

आता करायचं काय. काउंटरवर परत जाऊ नका, तिथला माणूस बदललेला असेल आणि तुम्हाला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागेल. हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला मेल करा, मेल आयडी बिलावर खाली असतो, आणि त्याच मेलमध्ये टीपीए आणि विमा कंपनीच्या तक्रार विभागाला कॉपी ठेवा. ही कॉपी फार महत्त्वाची आहे, कारण कंपनीला कळलं की आपण मिळवलेली सूट हॉस्पिटल पेशंटकडून भरून काढतंय तर तो करारभंग आहे, आणि हॉस्पिटललाही नेटवर्कमधलं नाव टिकवायचं असतं. मेल लांबलचक नको, राग नको. असं काहीतरी लिहा:

"पेशंटचा आयपी नंबर अमुक, फायनल बिल नंबर अमुक. बिल १,६४,८००, अंतिम मंजुरी १,२४,०२०. मंजुरीपत्रानुसार हॉस्पिटल डिस्काउंट ९,६०० आणि टॅरिफपेक्षा जास्तीची रक्कम १०,००० ह्या पेशंटकडून घ्यायच्या रकमा नाहीत, तरी त्या आमच्या डिपॉझिटमधून वळत्या झाल्या आहेत. पेशंटचा वाटा २१,१८० होतो, डिपॉझिट ५०,०००, परतावा ९,२२० मिळाला, बाकी १९,६०० येणे आहे. कृपया सुधारित फायनल बिल आणि ही रक्कम सात कामकाजाच्या दिवसांत द्यावी, किंवा ती का देता येत नाही हे ओळीनिहाय लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. तोंडी "इन्शुरन्सने कापलं" म्हणणं सोपं असतं, तेच ओळीनिहाय लिहून द्यायचं म्हटलं की कुणीतरी फाईल उघडून बघतं आणि बहुतेक वेळा तिथेच काम होतं. सोबत अप्रूव्हल लेटरची सगळी पानं जोडा, अटींचं पानसुद्धा, डिटेल बिल, दोन्ही डिपॉझिट पावत्या आणि रिफंडचं व्हाउचर.

उत्तरच आलं नाही तर? इथे लोकांची गल्लत होते, म्हणून नीट सांगते. विमा लोकपालाकडे तक्रार विमा कंपनीविरुद्ध करता येते, हॉस्पिटलविरुद्ध नाही. कंपनीने चुकीचं कापलं असतं तर आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा नियामकाचं बिमा भरोसा हे तक्रार पोर्टल, आणि महिनाभरात समाधान नाही झालं तर लोकपाल असा रस्ता होता. तुमचे पैसे हॉस्पिटलकडे आहेत, त्यामुळे रस्ता वेगळा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे तक्रार नोंदवता येते. हॉस्पिटलची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह कायद्याखाली असते, शहरात ती महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, त्यांना लेखी अर्ज देता येतो. आणि अगदीच वेळ आली तर जिल्हा ग्राहक आयोग, एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण मला नाही वाटत तुम्हाला तिथवर जावं लागेल, तुमचे कागद फार स्वच्छ आहेत.

काही वाचकांची गोष्ट वेगळी असते, त्यांना डिस्चार्जला एक रुपयाही परत मिळत नाही, हॉस्पिटल म्हणतं टीपीएकडून पैसे जमा झाले की डिपॉझिट देऊ, तोपर्यंत दीड-दोन महिने जातात. हॉस्पिटलची भीती अशी की मंजुरी दिली तरी प्रत्यक्ष पैसे पाठवताना कंपनी आणखी काही कापेल. ती भीती पूर्ण खोटी नाही, पण अंतिम मंजुरी आली म्हणजे पेशंटचा वाटा ठरला, त्यानंतरचा व्यवहार त्या दोघांचा आहे. तरीही अडवलंच तर निदान दोन गोष्टी त्याच दिवशी घ्या. एक, डिपॉझिट इतकं शिल्लक आहे आणि अमुक तारखेला परत मिळेल असं सही-शिक्क्याचं पत्र. दोन, मूळ डिपॉझिट पावत्या जमा करायला सांगितल्या तर त्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो. नंतर जर म्हणाले की कंपनीकडून कमी पैसे आले, तर सेटलमेंटचं पत्र मागा आणि त्यात टीडीएस बघा. कंपनी हॉस्पिटलला पैसे देताना टीडीएस कापते, तो हॉस्पिटलच्या उत्पन्नावरचा कर आहे, त्यांना तो त्यांच्या रिटर्नमध्ये मिळतो. तो पेशंटच्या डिपॉझिटमधून भरून काढायचा नसतो, आणि असं झालेलं मी पाहिलंय.

आता भाऊजींचं. ताई, तुमच्यावर संशय आहे असं तुम्हाला वाटतंय, पण त्यांच्या जागी बसून बघा, त्यांनी २०,००० दिले आणि त्यांच्या फोनवर काहीच आलं नाही, आणि जे आलं ते तुमच्या कार्डवर आलं. त्यांनी विचारणं साहजिकच आहे. हॉस्पिटल सहसा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत करतं, पण भरणारे दोन असतील आणि परतावा कमी असेल तर कुणाला किती हे तिथला माणूस ठरवतो, आणि त्याने सोपं म्हणून सगळं एका कार्डवर टाकलं. ह्यात तुम्ही काही केलेलं नाही आणि त्यांनीही काही वाईट विचारलेलं नाही. त्यांना तोंडी समजवत बसू नका, अप्रूव्हलचा तो चार ओळींचा तक्ता आणि कार्डच्या स्टेटमेंटमधली ९,२२० ची नोंद दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा. मेल सुद्धा दोघांच्या नावाने जाऊ दे.

वाटणी कशी करायची हे घराने ठरवायचं, पण आकडे देऊन ठेवते. भरलं त्या प्रमाणात, म्हणजे तीन वाटे तुमचे आणि दोन त्यांचे असं धरलं तर २८,८२० पैकी १७,२९२ तुमचे आणि ११,५२८ त्यांचे. तुमच्याकडे ९,२२० आलेत, म्हणजे येणाऱ्या १९,६०० मधून ८,०७२ तुम्हाला आणि ११,५२८ त्यांना. पण त्या दिवशी कुणाच्या खात्यात किती होते त्यावरून ही रक्कम ठरली असेल, आणि आईचा खर्च दोन्ही मुलांनी अर्धा-अर्धा असं तुमच्यात असेल, तर प्रत्येकाच्या अंगावर १०,५९० येतात, मग तुम्हाला आणखी १०,१९० आणि भाऊजींना ९,४१० मिळायला हवेत. कुठलंही धरा, पण हॉस्पिटलला मेलमध्येच लिहून द्या की कुठल्या पावतीवर किती रक्कम कुणाच्या खात्यात हवी आहे, भाऊजींचा बँकेचा तपशील आणि कॅन्सल चेक सोबत. नाहीतर पुन्हा सगळं तुमच्या कार्डवर येईल आणि तोच प्रश्न परत. आणि हो, रिफंड येणार म्हणून कार्डचं बिल थकवू नका, ते तारखेला भरून टाका, व्याज रिफंडची वाट बघत नाही.

पॉलिसी बंद करायचं म्हणताय, ते मात्र कृपया करू नका. ह्या वयात सासूबाईंना नवीन पॉलिसी घ्यायची म्हटलं तर आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पीरियड पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना कंपन्या दहा प्रश्न विचारतात. को-पे खटकत असेल तर आहे त्याच कंपनीत तो काढून टाकायचा पर्याय आहे का विचारा किंवा नूतनीकरणाच्या बरंच आधी पोर्टिंगची, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची चौकशी करा, म्हणजे पूर्ण झालेला वेटिंग पीरियड वाया जात नाही.

एक राहिलं. तुमच्या फोटोंमध्ये मिस्टरांच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीचं कार्डही चुकून आलंय आणि त्यावर सासूबाईंचं नाव दिसतंय. मग को-पेचे १३,७८० तिथे मागता येतील का हे एचआरला विचारा, एका पॉलिसीत राहिलेली रक्कम दुसरीत मागता येते, तिथे को-पे नसेल तर बराचसा भाग मिळू शकतो. त्यासाठी पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर, हॉस्पिटलने शिक्का मारलेल्या बिलांच्या प्रती, डिस्चार्ज समरी आणि तुम्ही नक्की किती भरले त्याची पावती लागेल. आत्ताच्या बिलावर पेशंटने भरलेली रक्कम ४०,७८० दिसतेय, ती चुकीची आहे, म्हणून आधी सुधारित बिल हातात घ्या आणि मगच क्लेम टाका. ग्रुप पॉलिसीत कागद द्यायची मुदत कमी असते, तेव्हा एचआरला क्लेमची सूचना मात्र आजच देऊन ठेवा.